काम जगाचं, खुर्ची चिपळूणची

चिपळुणात राहून पुण्याचं, लंडनचं, न्यू जर्सीचं काम करणाऱ्यांसाठी हक्काची बसायची जागा. मध्यवर्ती एसटी स्थानकापासून पायी पाच मिनिटं, दुसरा मजला.

कोकणात घरटी एक तरी चाकरमानी. शिकून झालं की मुंबईची गाडी धरायची, गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचं, बाकीचं वर्ष फोनवरून घर सांभाळायचं. काम तिकडे होतं, म्हणून माणसं तिकडे गेली. आता कोडिंग, भाषांतर, डिझाइन, हिशेब, व्हिडिओ एडिटिंग, ऑनलाइन शिकवणी ही कामं लॅपटॉपवर होतात. ज्याला गावात राहायचंय त्याला राहता यावं, एवढ्यासाठी ही जागा उभी केली आहे.

घरी बसून काम होतं की, असं कोणी म्हणेल. करून बघितलेल्यांना विचारा. क्लायंट समोर स्क्रीनवर असतो आणि पडवीतून हाक येते, "अरे, घरीच आहेस तर तेवढं दळण टाकून ये." यात आईची काही चूक नाही. कामाला जाणारा माणूस डबा घेऊन घराबाहेर पडतो, हेच तिने आयुष्यभर पाहिलंय. तुम्हीही डबा घ्या आणि निघा. संध्याकाळी परत आलात की दळण आणा, निवांत गप्पा मारा. तेव्हा तुम्ही खरंच रिकामे असाल.

आता पावसाचं बोलू, कारण चिपळुणात पहिला प्रश्न तोच येतो. फांदी तारेवर पडून वीज गेली तर इन्व्हर्टर लगेच सुरू होतो, आणि वीज लवकर आली नाही तर जनरेटर आहे. इंटरनेट दोन वेगळ्या कंपन्यांचं. एकीची फायबर पुढच्या रस्त्याने येते, दुसरीची मागच्या गल्लीतून. रस्ता खणताना एक तुटली तरी तुमचा कॉल दुसरीवर चालू राहतो. जागा दुसऱ्या मजल्यावरच का घेतली, हे २२ जुलै २०२१ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. बॅटऱ्या, राउटर, मुख्य वायरिंग, सगळं वरच आहे. खाली फक्त जिना आणि पाटी.

वेळ सकाळी ८ ते रात्री १२. लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड आणि न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे संध्याकाळचे साडेसहा. थंडीत या दोन्ही वेळा आपल्याकडे एक तास उशिरा. सहाला कुलूप लावणारी जागा अमेरिकेचं काम करणाऱ्याच्या काय उपयोगाची? रात्री बंद होईपर्यंत जिन्याशी रखवालदार असतो. उशिरा निघणाऱ्या मुलींसाठी ओळखीचे रिक्षावाले ठरवून ठेवलेत, फक्त नऊच्या आत नाव सांगून ठेवा.

एकूण चोवीस खुर्च्या. पाठ टेकता येते, उंची कमी-जास्त होते. दिवसभर बसायचं असतं, म्हणून इथे पैसे वाचवले नाहीत. फोनवर बोलायला दोन बंद खोल्या आहेत. मोठ्या खोलीत मात्र हळू बोलायचं, हा नियम सगळ्यांना सारखा.

दर असे: दिवसाचे २०० रुपये, अर्ध्या दिवसाचे १२०, महिन्याचे ३,५००. महिनेवाल्यांना ठरलेली खुर्ची आणि कुलपाचा कप्पा. चहा दोन वेळा, तो दरातच. पक्कं बिल मिळेल. कॉलेजची ओळखपत्रं दाखवणाऱ्यांना महिना २,५००.

गणपतीला येणाऱ्यांनो, यंदा तिकीट काढताना विचार करा. रजा पाच दिवसांचीच असते, पण लॅपटॉप सोबत आणलात तर रजा संपली म्हणून गौरी-गणपती अर्धे सोडून परतायला नको. सकाळची आरती घरी, मग काम इथे. सणाच्या दिवसांत खुर्च्या लवकर भरतील, तेव्हा आधी कळवा.

दर शनिवारी संध्याकाळी सहाला कामं बाजूला ठेवून सगळे एकत्र बसतात. परदेशातून पैसे आले की बँक कोणते कागद मागते, जीएसटी नोंदणी कधी लागते, पैसे थकवणाऱ्या क्लायंटला पत्र कसं लिहायचं, असं बोलणं चालतं. एकट्याने काम करणाऱ्याला ही माहिती एरवी विचारायला कोणी नसतं. शनिवारी यायला सभासद असण्याची गरज नाही.

पहिला दिवस मोफत. लॅपटॉप, चार्जर आणि पावसाळा असेल तर कोरडे मोजे घेऊन या. छत्र्या ठेवायला जिन्याच्या वरच्या टोकाला जागा आहे.