तालुका मासिक लसीकरण अहवाल व वंचित बालकांची यादी: नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. तालुका आरोग्य अधिकारी, जि. सोलापूर

212 आशा क्षेत्रांपैकी 205 विवरणे 3 डिसेंबरपर्यंत आली. उरलेल्या 7 क्षेत्रांत शून्य न धरता सेविकेच्या सत्र नोंदवहीतला आकडा घेतला आहे.

एप्रिल ते नोव्हेंबर, अपेक्षित बालके 3,200 (वार्षिक 4,800):

| डोस | बालके | टक्के |
|---|---|---|
| बीसीजी | 3,104 | 97.0 |
| पेंटा-1 | 3,056 | 95.5 |
| पेंटा-3 | 2,912 | 91.0 |
| एमआर-1 | 2,752 | 86.0 |
| पूर्ण लसीकरण | 2,720 | 85.0 |

एमआर-1 ची बेरीज आधी 2,771 भरत होती. 19 बालके दोनदा मोजली गेली होती: डोस माहेरी, नोंद माहेरच्या आशाताईंकडे आणि सासरच्याही. माता बाल संरक्षण कार्ड पाहून एकेक नोंद कमी केली. कारखान्यांच्या टोळ्यांतील 38 बाहेरगावच्या बालकांना दिलेले डोसही वरच्या तक्त्यात नाहीत. ती आपल्या उद्दिष्टातली नव्हेत, त्यांची नोंद वेगळी ठेवली आहे.

पेंटा-1 ते एमआर-1 गळती 9.9 टक्के आहे. पेंटा-3 पर्यंत ती 4.7 आहे, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त गळती साडेतीन ते नऊ महिन्यांच्या मधल्या काळात होते. चार सत्रांत एकच मूल आले म्हणून एमआरची व्हायल फोडलीच नाही, असे सेविकांनी सांगितले. पाच डोसांची व्हायल चार तासांनी टाकावी लागते, त्याची धास्ती. एका बालकासाठीही व्हायल फोडायची, हे मासिक सभेत पुन्हा सांगावे. वाया गेलेल्या डोसांचा जाब विचारला जाणार नाही, हेही आपणच सांगितलेले बरे.

ड्यू लिस्टवर वंचित बालके 63: ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतील 27, माहेरी राहिलेली 14, आजारपणात डोस हुकलेली 12, पालकांचा नकार 6, पत्ता न लागलेली 4. पूर्ण यादी केंद्रनिहाय पाठवली आहे. त्यातली आधी गाठायची ही सहा:

- केंद्र 1, क्र. 7: मुलगा, 11 महिने 10 दिवस, वीटभट्टी. एकही डोस नाही. वर्ष भरल्यावर बीसीजी देता येत नाही, पेंटा आणि रोटाही सुरू करता येत नाही. 8 डिसेंबरला भट्टीवरच सत्र.
- केंद्र 3, क्र. 2: मुलगी, 11 महिने. जन्म खासगी दवाखान्यात, बीसीजी राहून गेले. 9 डिसेंबर.
- केंद्र 3, क्र. 19: मुलगी, साडेदहा महिने. पेंटा-2 नंतर खंड. आई-वडील तोडीवर, मूल आजीकडे. कार्ड आईबरोबर गेले. आशाताईंनी आईला फोन करून कार्डाचा फोटो मागवावा.
- केंद्र 4, क्र. 5: मुलगा, 14 महिने. पेंटा-3 नंतर ताप आल्याने वडिलांचा एमआरला नकार. गटप्रवर्तकांसह आपण स्वतः गेलात तर वडील ऐकतील.
- केंद्र 2, क्र. 11 व 12: जुळी, 10 महिने. सर्दीमुळे दोनदा परत पाठवली. किरकोळ सर्दीत एमआर देता येते. 10 डिसेंबरच्या सत्रात द्यावी.

पाठपुराव्याची उत्तरे 15 डिसेंबरपर्यंत हवीत. "घरी भेट दिली" एवढे पुरणार नाही. डोस दिल्याची तारीख लिहावी.

आरोग्य सहायक, तालुका आरोग्य कार्यालय
5 डिसेंबर 2025