संकेतच्या निकालाबद्दल

नमस्कार दादा, वहिनी.

दुपारी एकपासून फोन लावतोय, पण तुमचा लागत नाही. बागेत असाल. म्हणून सगळं इथंच लिहितो. जरा लांबलंय, घरी आलात की दोघांनी मिळून वाचा.

संकेत दहावी पास झालाय. मराठी 67, हिंदी 62, इंग्रजी 48, गणित 44, विज्ञान 53, सामाजिक शास्त्रं 61. उत्तम पाच विषयांचे 500 पैकी 291, म्हणजे 58.20 टक्के. द्वितीय श्रेणी. प्रथम श्रेणीला 9 गुण कमी पडले. हे 9 गुण तुम्हाला आज दिवसभर छळणार, मलाही छळतायत.

गुणांना काही अर्थ नसतो, असं मी म्हणणार नाही. आज प्रत्येक घरी असं म्हणणारा कुणी ना कुणी येतो, आणि दुसऱ्या दिवशी प्रवेशाचा फॉर्म भरताना तेच गुण लिहावे लागतात. अर्थ आहे. काही दारं 58 ला उघडत नाहीत. पण त्याचा निकाल अनपेक्षितही नाही. जानेवारीतल्या सराव परीक्षेत गणिताच्या दोन्ही पेपरांत मिळून त्याला 80 पैकी 19 होते. आज लेखीचे 27 आहेत, बाकीचे 17 अंतर्गत मूल्यमापनाचे. ते 17 मीच दिलेत, त्यामुळं त्याचं कौतुक करत नाही. पण 19 चे 27 त्यानं स्वतः केलेत. फेब्रुवारीतल्या चारही रविवारी सकाळी आठला तो माझ्या दारात उभा होता, त्यातल्या एका रविवारी मीच झोपलो होतो.

ऑक्टोबर छाटणीच्या वेळी तो सलग अकरा दिवस शाळेत नव्हता, हेही लिहितो. तेव्हा मजूर मिळत नव्हते, तुमची अडचण मला माहीत आहे आणि मी तेव्हा गप्प बसलो. त्या अकरा दिवसांत वर्गसमीकरणं झाली. मी त्याला ती नंतर वेगळी शिकवायला हवी होती, ते मी जानेवारीपर्यंत टाळलं. तेव्हा दोष वाटायचाच झाला, तर तिघांत वाटून घेऊ. पोराच्या एकट्याच्या डोक्यावर नको.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो, ते. सरावाच्या पेपरात त्याला x² − 7x + 12 = 0 सोडवायचं होतं. त्यानं अवयव पाडले, 3 आणि 4 उत्तर काढलं, आणि त्या सगळ्यावर आडवी रेघ मारली. खाली काहीतरी भलतंच लिहिलं होतं. मी त्याला बोलावून विचारलं, का रे, बरोबर आलेलं खोडलंस का? तर म्हणतो, “सर, मला आलं म्हणजे चुकलंच असणार.”

वीस वर्षं शिकवतोय. नापास झालेली पोरं बघितली, रडणारी बघितली. पण हे वाक्य काही केल्या मनातून जात नाही. त्याला गणित अजिबात येत नाही असं नाही. आलेलं त्याला स्वतःचं वाटत नाही. हे शाळेत झालं, घरात झालं की शेजारच्या पोराशी तुलना होऊन झालं, मला सांगता येणार नाही. थोडं थोडं सगळीकडंच झालं असेल.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. मला ही म्हण मान्य आहे, पण वहिनींनाच विचारा, शीत चेपून बघायचं ते कशासाठी? आत कणी राहिलीय का ते कळावं म्हणून. कच्चं लागलं तर कुणी पातेलं उकिरड्यावर ओतत नाही, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवतात. गणित आणि इंग्रजीत कणी राहिलीय, एवढंच आजचा निकाल सांगतो.

आज संध्याकाळी नातेवाइकांचे फोन येतील, “किती पडलं?” म्हणून. एक विनंती आहे. 58 हा आकडा त्याच्यासमोर, नेहमीच्या आवाजात सांगा. आवाज खाली घेऊ नका, आतल्या खोलीत जाऊन बोलू नका, “पेपरच अवघड होता” असंही नको. पोरं आकड्यापेक्षा आकडा सांगणाऱ्याचा आवाज ऐकतात. चौकात उद्या-परवा फ्लेक्स लागेल, त्यावर नव्वदच्या वरची तोंडं असतील. ती पोरंही माझीच आहेत, त्यांनी कष्ट केलेत, त्यांचं कौतुक होऊ दे. संकेतला तिथून जाताना मान वळवावी लागू नये, एवढं घरातून झालं तरी पुष्कळ.

पेढे आणा. पावशेर आणा, पण आणा.

पुढचं. पेपर तपासणीत गडबड झाली असेल असं वाटत असेल तर मंडळाच्या संकेतस्थळावरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, त्यावरून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. माझं मत विचाराल तर पैसे घालू नका. परीक्षेनंतर त्यानं मला दोन्ही पेपर तोंडी सांगितले होते, माझा हिशेब 25 च्या आसपास होता.

दादा, तुम्ही अकरावी सायन्स म्हणत होता. मिळेल कुठंतरी, अकरावीचे प्रवेश आता सगळ्या राज्यात ऑनलाइन आहेत. पण आत्ताच्या गणितावर दोन वर्षं त्याला फार जड जातील, आणि बारावीच्या निकालादिवशी मला परत असाच मेसेज लिहायचा नाही. मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनाचा फॉर्म जरूर भरा. तिथं रांग मोठी असते, त्यामुळं तेवढ्यावरच विसंबून राहू नका. सांगलीच्या शासकीय आयटीआयचाही भरा. “आयटीआय म्हणजे राहिलेल्या पोरांचं” हे तुम्ही मागं म्हणाला होता, ते मनातून काढा. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तुमच्या ब्लोअरचा पंप मागच्या पावसाळ्यात त्यानं एकट्यानं खोलून जोडला, हे तुम्हीच मला कौतुकानं सांगितलं होतं. त्यावरून तो मोठा इंजिनिअर होईल असलं काही मी म्हणत नाही. फक्त फॉर्म भरायच्या आधी त्याला एकदा विचारा, तुला काय करायचंय. उत्तर लगेच देणार नाही तो. दोन दिवस थांबा आणि परत विचारा.

वहिनी, तुम्ही मागच्या पालकसभेत म्हणाला होता, “आमचं पोरगं मधलंच आहे हो सर.” मधलंच आहे. माझ्या वर्गात बहुतेक पोरं मधलीच आहेत, मीही दहावीला मधलाच होतो. माझ्या वडिलांनी तेव्हा आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. गुण किती होते ते आता आठवावं लागतं, ते आठ दिवस आठवावे लागत नाहीत.

मूळ गुणपत्रिका काही दिवसांनी शाळेत येईल, तेव्हा फोन करतो. दाखल्याचा अर्ज त्याच दिवशी देऊन टाका, परत हेलपाटा नको. आणि संकेतला बरोबर आणा. माझी बीजगणिताची वही फेब्रुवारीपासून त्याच्याकडंच आहे.