सूचना: फ्लूची लक्षणे सुरू होताच खोलीतून वेगळे राहण्याबाबत

मुलींचे वसतिगृह क्र. २, पुणे
जावक क्र. मु.व. २/सूचना/१७/२०२५
दिनांक: बुधवार, १० सप्टेंबर २०२५

प्रति,
सर्व निवासी विद्यार्थिनी

गौरी-गणपतीसाठी गावी गेलेल्या विद्यार्थिनी ३ सप्टेंबरपासून परत येऊ लागल्या आणि तेव्हापासून आजपर्यंत दुसऱ्या मजल्यावरील सात जणी ताप, घसादुखी, कोरडा खोकला आणि अंगदुखीने आजारी पडल्या आहेत. सुदैवाने कोणाचीही प्रकृती गंभीर नाही. परंतु या सातपैकी तिघी एकाच खोलीतल्या असून तिथे काय घडले ते सर्वांना माहीत असणे आवश्यक वाटते. पहिल्या विद्यार्थिनीचा घसा गुरुवारी सकाळीच दुखू लागला होता आणि रात्री तिला थंडी वाजून आली. तिने ते कार्यालयाला कळवले रविवारी दुपारी, आणि तोपर्यंत शेजारच्या दोन्ही खाटांवरच्या मैत्रिणी अंथरुणाला खिळल्या होत्या. मुलगी दोषी आहे असे मी म्हणत नाही. मात्र गुरुवारी सकाळीच ती खाली आली असती तर उरलेल्या दोघी कदाचित वाचल्या असत्या, म्हणून ही सूचना काढत आहे. ती आजपासून लागू आहे.

फ्लूची लागण झाल्यावर लक्षणे दिसायला एक ते चार दिवस लागतात. लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून ते पुढे पाच ते सात दिवसांपर्यंत आजारी व्यक्तीकडून इतरांना लागण होऊ शकते आणि त्यातही पहिले तीन-चार दिवस सर्वाधिक जोखमीचे असतात. आपल्या तिघींच्या खोलीत दोन खाटांमध्ये जेमतेम तीन फुटांचे अंतर आहे, तर खोकल्या-शिंकेतून उडणारे तुषार सहा फुटांपर्यंत सहज पोहोचतात. त्यात डास येतात म्हणून संध्याकाळी सहालाच खिडक्या बंद होतात, त्या सकाळपर्यंत उघडत नाहीत. अशा खोलीत ‘मी भिंतीकडे तोंड करून झोपते’ एवढ्याने काहीही साधत नाही. म्हणून ताप किती चढतो ते पाहू, उद्या सकाळी ठरवू, असा विचार न करता पहिल्याच लक्षणाला खोली सोडायची आहे.

लक्षण म्हणजे काय, याबद्दल संभ्रम नको. अचानक थंडी वाजून येणे, १०० अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, घसा दुखणे, कोरडा खोकला, डोके व अंग ठणकणे, पायऱ्या चढतानाही थकवा जाणवणे, यांपैकी कोणतीही दोन लक्षणे एकत्र दिसली की वेगळे व्हायचे. नुसता ताप असला तरीही व्हायचे. फ्लूमध्ये प्रत्येकीला ताप येतोच असे नाही, त्यामुळे थर्मामीटरवर ९८.६ दिसले म्हणून खोकला व अंगदुखी असताना मेसच्या रांगेत उभे राहू नये. दरवर्षीची धुळीची सर्दी असणाऱ्यांनी शंका आली तर कार्यालयात येऊन विचारावे. विचारल्याबद्दल कोणी हसणार नाही.

लक्षण जाणवताच मास्क लावून तळमजल्यावरच्या कार्यालयात यावे. रात्री दहानंतर खाली न उतरता मजला प्रतिनिधीमार्फत किंवा सूचनाफलकावर लिहिलेल्या माझ्या क्रमांकावर फोन करून कळवावे. मला रात्री दोनला उठवले तरी चालेल, सकाळी आठला कळले तर मात्र चालणार नाही. येताना स्वतःची चादर, पांघरूण, टॉवेल, पाण्याची बाटली, चार्जर, रोजची औषधे आणि दोन दिवसांचे कपडे आणावेत. बाकीचे सामान मागाहून मावशी आणून देतील, त्यासाठी मैत्रिणींनी खालीवर करू नये.

पाहुण्यांसाठी राखलेली तळमजल्यावरची खोली आणि तिच्या शेजारची अभ्यासिका या दोन जागा विलगीकरणासाठी मोकळ्या केल्या आहेत. दोन्ही मिळून सहा खाटा आहेत आणि मागच्या बाजूचे स्वच्छतागृह केवळ त्यांच्यासाठी राहील. सहाही खाटा भरल्या तर आजारी विद्यार्थिनीला तिच्याच खोलीत ठेवून निरोगी मैत्रिणींना पहिल्या मजल्यावरील रिकाम्या खोल्यांत हलवले जाईल. क्वचित एखाद्या रात्रीपुरती तीही सोय झाली नाही, तर आजारी मुलीची खाट खिडकीजवळ घ्यावी, खाटा जितक्या लांब सरकतील तितक्या सरकवाव्यात, एकीचे डोके दुसरीच्या पायाकडे येईल असे झोपावे, सर्वांनी मास्क लावावा आणि खिडकी उघडी ठेवावी. डासांसाठी मच्छरदाणी कार्यालयातून मिळेल. हा नाइलाजाचा मार्ग आहे, सोयीचा नव्हे.

विलगीकरणात असताना जेवण, सकाळचा चहा आणि दुपारचे ताक डब्यातून दारापाशी येईल. ज्यांना मऊ भात, मुगाचे वरण किंवा पेज हवी असेल त्यांनी सकाळी नऊपर्यंत मेसमध्ये निरोप द्यावा. किटली वापरण्यास एरवी बंदी असली तरी विलगीकरणाच्या खोलीत पाणी गरम करण्यासाठी एक किटली ठेवली आहे. वाफ घेण्यासाठी मात्र उकळत्या पाण्याचे पातेले खाटेवर ठेवू नये. गेल्या हिवाळ्यात असे पातेले कलंडून एका मुलीची मांडी भाजली, आणि फ्लू बरा झाल्यावरही पंधरा दिवस ती वर्गात जाऊ शकली नाही.

सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता प्रत्येकीने आपला ताप व ऑक्सिमीटरवरील आकडा दाराला लावलेल्या तक्त्यावर लिहावा आणि ताप उतरवणारी गोळी घेतली असल्यास वेळही नोंदवावी. ही वेळ महत्त्वाची आहे. वेगळे राहणे केव्हा संपते याचा नियम असा आहे की, ताप उतरवणारे कोणतेही औषध न घेता सलग २४ तास ताप आलेला नसावा आणि इतर लक्षणेही ओसरत असावीत. पॅरासिटामॉल घेऊन उतरलेला ताप हा उतरलेला ताप नव्हे. तोंडी परीक्षेच्या सकाळी गोळी घेऊन तरतरीत चेहऱ्याने प्रयोगशाळेत गेलेल्या आणि दुपारी पुन्हा फणफणून आलेल्या विद्यार्थिनी मी माझ्या नोकरीत पुष्कळ पाहिल्या आहेत. खोलीत परतल्यावरही पुढचे पाच दिवस मास्क वापरावा आणि मेसमध्ये शेवटच्या पाळीत, कडेच्या टेबलावर बसावे.

औषधांबाबत कृपया एकमेकींच्या डॉक्टर होऊ नका. फ्लू विषाणूमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. मागच्या वर्षीच्या पाकिटात उरलेल्या चार गोळ्या कोणी कोणाला देऊ नयेत. याच दिवसांत पुण्यात डेंग्यूही असतो आणि सुरुवातीचा ताप व अंगदुखी दोन्हींत सारखीच भासते, म्हणून डॉक्टरांनी तपासेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन घेऊ नये. पॅरासिटामॉलसुद्धा कार्यालयात नोंद करून घ्यावे आणि दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तासांचे अंतर असावे. वसतिगृहाच्या डॉक्टर मंगळवारी व शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता येतात. सध्या त्या रोज फोनवर उपलब्ध आहेत. फ्लूवरील विषाणुविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरते आणि ते कोणाला द्यायचे हे त्याच ठरवतील. दमा, मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असणाऱ्या विद्यार्थिनींनी आजारी पडण्याची वाट न पाहता ही माहिती शुक्रवारपर्यंत मला एकटीला सांगावी. ती गुप्त राहील.

श्वास घ्यायला त्रास, छातीत दुखणे, बेडक्यातून रक्त, ओठ किंवा नखे निळसर दिसणे, असंबद्ध बोलणे वा सतत झोपेत असणे, ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा, किंवा उतरलेला ताप दोन दिवसांनी पुन्हा जोरात येणे, यांपैकी काहीही दिसल्यास माझ्या परवानगीची वाट पाहू नये. पहारेकऱ्यांना सांगून १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि मग मला कळवावे.

आजारी मैत्रिणीच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थिनींना लक्षणे नसतील तर त्यांनी वर्गात जाण्यास हरकत नाही. मात्र चार दिवस मास्क लावावा आणि सकाळी स्वतःचा ताप मोजावा. खाट रिकामी झाली की उशीचा अभ्रा व चादर धुण्यास टाकावी आणि खिडक्या किमान दोन तास उघड्या ठेवाव्यात. कठीण पृष्ठभागांवर हा विषाणू एक ते दोन दिवस टिकू शकतो, म्हणून गिझरचे बटण, दाराची कडी, वॉटर कूलरचा नळ आणि जिन्याचा कठडा दिवसातून दोनदा पुसून घेतला जाईल. तुमच्याकडून अपेक्षा एवढीच की, एका ग्लासातून चौघींनी चहा पिणे, एका पांघरुणात तिघींनी मोबाइलवर मालिका पाहणे आणि एकीचा टॉवेल दुसरीने घेणे हे काही दिवस थांबवावे. आजारी मैत्रिणीची विचारपूस फोनवरून करावी. तिच्या उशाशी बसून डोके चेपून देण्यामागची माया मला कळते, पण सध्या ती नको.

लक्षणे लपवण्याचे खरे कारण हजेरी आणि चाचणी परीक्षा हे आहे, याची मला कल्पना आहे. त्याबाबत प्राचार्यांशी सोमवारी बोलणे झाले आहे. विलगीकरणाच्या काळातील गैरहजेरी माझ्या पत्रावरून वैद्यकीय रजा धरली जाईल आणि १५ ते १७ सप्टेंबरची अंतर्गत चाचणी हुकल्यास ती महिनाअखेर पुन्हा घेतली जाईल. डॉक्टरांचा दाखला मी स्वतः विभागाकडे पाठवीन, त्यासाठी तापात कोणी खेटे घालू नयेत. घरी फोन जाईल ही दुसरी भीती. पालकांना कळवणे माझे कर्तव्य आहे आणि मी कळवीनच, परंतु ते तुमच्याशी बोलून, त्यांना घाबरवून न सोडता.

घरी जाण्याची इच्छा स्वाभाविक आहे. तरीही ताप असताना एसटीने किंवा रेल्वेने प्रवास करण्यासाठी बाहेरगावचा पास दिला जाणार नाही, कारण पाच-सहा तास भरलेल्या गाडीत खोकत जाणे सहप्रवाशांवर अन्याय आहे आणि घरी आजी-आजोबा किंवा लहान भाचरे असतील तर धोका त्यांनाच अधिक. पालक स्वतःच्या वाहनाने न्यायला येणार असतील तर डॉक्टरांशी बोलून परवानगी देता येईल.

ही सूचना प्रत्येक खोलीतील तिघींनी वाचून तिच्या प्रतीवर सह्या कराव्यात आणि मजला प्रतिनिधींनी त्या प्रती गुरुवारी, ११ सप्टेंबर रोजी रात्रीच्या हजेरीच्या वेळी कार्यालयात जमा कराव्यात. मास्क आणि साबण कार्यालयातून विनामूल्य मिळतील.

रेक्टर
मुलींचे वसतिगृह क्र. २

प्रत माहितीसाठी:
मा. प्राचार्य, वसतिगृहाच्या डॉक्टर, मेस व्यवस्थापक, सर्व मजला प्रतिनिधी, पहारेकरी कक्ष