टोंगळा : नागपुरी-वऱ्हाडी शब्दांचा पत्त्यांचा खेळ

60 पत्ते, एक डबी, खेळायला चार ते आठ जण. आजी आणि नातू एकाच बाजूने.

डब्या छापायला लोकवर्गणीचं लक्ष्य : 1,10,000 रुपये. मुदत : 22 ऑक्टोबर ते 30 नोव्हेंबर.

हे सुरू कसं झालं

माझी आत्या नागपुरात, महाल भागात राहते. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. मी नोकरीसाठी पुण्यात होतो तेव्हा ती महिनाभर राहायला आली आणि जिन्यात घसरली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय दुखतंय? आत्या म्हणाली, "माहा टोंगळा दुखून राह्यला." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, गुडघा.

बाहेर आल्यावर आत्या गप्प होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "एवढा शिकलेला माणूस, टोंगळा नाही समजत त्याले?" त्या रात्री तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर शब्द लिहायला घेतले. सांबार (कोथिंबीर, इडलीसोबतचं नव्हे), सराटा, गंज, वावर, पऱ्हाटी, फल्ली, भेदरं, उलसाक. परत जाताना बारा पानं माझ्या हातात देऊन गेली. मी चित्रकार आहे, पुस्तकांची आणि पाकिटांची चित्रं काढून पोट भरतो. त्या पानांचं काय करावं हे ठरवायला मला दोन वर्षं लागली. दरम्यान मीही नागपुरात परत आलो.

खेळायचं कसं

पहिला नमुना साफ फसला. पत्त्यावर शब्द, खाली तीन अर्थ, बरोबर कोणता ते ओळखा. धंतोलीतल्या एका मित्राच्या घरी खेळलो. त्याची आई सगळे डाव जिंकली आणि मुलं पंधरा मिनिटांत मोबाइलकडे वळली. ज्याला बोली येते तो जिंकतो, ज्याला येत नाही तो हरतो, आणि शिकत कोणीच नाही.

मग नियम उलटा केला. आता खेळणारे जोडीने बसतात : एक जाणता, एक नवखा. पत्ता जाणत्याच्या हातात. त्याने तो शब्द न उच्चारता, वाक्यं करून नाहीतर हातवारे करून, जोडीदाराच्या तोंडून काढायचा. शिवाय पत्त्यावर तीन बंदी-शब्द आहेत. सराट्याच्या पत्त्यावर उलथणं, तवा आणि पोळी बंद. मग आजी मनगट वळवून हवेतच धिरडं पलटवते आणि नातू ओरडतो, "कालथा!" कालथा बरोबर धरत नाही, पण अर्थ पोचला म्हणून अर्धा गुण. दीड मिनिटाची वेळ, पूर्ण गुणाला बोलीतलाच शब्द हवा. पहिल्या दोन फेऱ्यांत नवखा अर्ध्याच गुणांवर असतो, कारण शब्द त्याने ऐकलेलेच नसतात. पण प्रत्येक डावानंतर पत्ता त्याच्यापुढे ठेवतात. तिसऱ्या फेरीत पत्ते पिसून पुन्हा येतात तेव्हा नवखे शब्द फेकायला लागतात. खरी मजा तिथून.

60 पैकी 52 पत्ते शब्दांचे आणि 8 खोडीचे. 'तर्री' आला की गुण दुप्पट. 'पोट्टं' आला की बाजूच्या जोडीचा वेळ तुम्ही मोजायचा, आणि मोजताना जोरात. 'भैताड', म्हणजे वेडपट, आला की एक डाव बाहेर. हा पत्ता ठेवावा की नाही यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली. मला तो थोडा कडक वाटत होता. आत्या म्हणाली, "माय लेकराले लाडानं म्हणते ते, ठेव तू." ठेवला. शिव्या मात्र एकही नाही. बोली म्हणजे फक्त हशा पिकवायची सोय, अशा समजुतीने केलेल्या गोष्टी भरपूर आहेत. यात आणखी एकाची भर घालायची नाही.

सूचनापत्रकात प्रत्येक शब्दाचा अर्थ आणि एक वाक्य आहे. शब्द नागपूर आणि वऱ्हाडच्या घराघरांत ऐकलेले आहेत. पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीचे घेतले नाहीत. तो वेगळा संच व्हावा एवढा तिचा ऐवज आहे, आणि आम्हा दोघांना ती नीट येत नाही.

पैसे कुठे जाणार

300 डब्या छापायच्या आहेत. शंभरच छापल्या तर एका डबीच्या पत्त्यांना 340 रुपये पडतात, कारण प्लेट आणि मशीन लावायचा खर्च तेवढाच. तीनशेला तेच 180 वर येतं.

पत्ते, छपाई, लॅमिनेशन : 54,000
डबी (45 रुपयांप्रमाणे) : 13,500
सूचनापत्रक : 1,800
कटिंगची डाय : 4,500
कुरिअर, सुमारे 190 पार्सल : 14,250
खोकी, टेप, बबल : 2,280
संकेतस्थळ आणि पेमेंटचं शुल्क, 8 टक्के धरून : 8,800
वाया जाणारे पत्ते, हरवलेली पार्सलं, दरवाढ : 10,870

एकूण 1,10,000. यात आमची मजुरी नाही. चित्रं तयार आहेत, 22 नमुना डब्या स्वखर्चाने झाल्या आहेत.

एका नमुन्याचं सांगायलाच हवं. मे महिन्यात तो स्कूटरच्या डिकीत विसरलो. नागपूरचा मे, वर काळी डिकी. संध्याकाळी काढला तर पत्ते पापडासारखे वळलेले आणि लॅमिनेशनला फोड. म्हणून आता 350 जीएसएमचा कागद आणि दोन्ही बाजूंनी मॅट थर्मल लॅमिनेशन. एकाच बाजूने केलं की पत्ता वळतोच. छपाईचा आकडा जास्त दिसतो त्याचं कारण हेच.

तुम्हाला काय मिळेल

99 रुपये : दहा पत्त्यांची छापता येण्याजोगी फाइल. घरी छापा, कापा, खेळून बघा.

449 रुपये : एक डबी, भारतात कुठेही घरपोच. आमचा सगळा हिशोब याच टप्प्यावर उभा आहे : असे साधारण 150 जण लागतील.

849 रुपये : दोन डब्या, एकाच पत्त्यावर. एक घरी ठेवा, एक पुण्या-मुंबईच्या पोराले द्या.

2,500 रुपये (फक्त 6 जणांसाठी) : दोन डब्या, आणि तुमच्या घरचा एक शब्द पत्त्यावर, चित्रासकट. शब्दांच्या 52 पत्त्यांपैकी सहा त्यासाठी रिकामे ठेवलेत. शब्द आत्या तपासणार. तिने नाही म्हटलं तर दुसरा द्यावा लागेल, तिच्यापुढे माझं चालत नाही.

उरलेल्या डब्यांपैकी वीस जिल्हा परिषदेच्या शाळांना देणार, बाकीच्या प्रदर्शनांत विकणार.

हाती कधी पडेल

27 फेब्रुवारीपर्यंत, मराठी भाषा गौरव दिनाच्या आत. एवढा उशीर का? डिसेंबरात छापखाने कॅलेंडर-डायऱ्यांनी भरलेले असतात आणि घाईतलं काम आम्हाला नको आहे. छपाई जानेवारीत, डब्या भरायचं काम घरीच.

लोक विचारतात ते

*लक्ष्य पूर्ण झालं नाही तर?* कोणाचेच पैसे ठेवून घेणार नाही, सगळे परत जातील.

*ही गुंतवणूक आहे का?* नाही. नफ्यात वाटा नाही. तुम्ही आगाऊ डबी घेताय, एवढंच.

*पत्ते खराब आले तर?* महिन्याच्या आत फोटो पाठवा, तेवढे पत्ते बदलून देऊ.

*परदेशात पाठवाल?* सध्या नाही, पाठवायचा खर्च डबीपेक्षा जास्त होतो. इथल्या नातेवाइकांचा पत्ता द्या.

*मला नागपुरी येतच नाही, खेळता येईल?* तुम्ही नवखे. फक्त एक जाणता शोधून आणा.

*आत्याचा टोंगळा आता कसा आहे?* हे सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं. बरा आहे. जिना मात्र धरून चढते.