शंभराचे ब्याण्णव

डी.फार्म.च्या ५०० तासांच्या प्रशिक्षणातले मृणालचे जेमतेम ६० तास झाले होते, तेव्हा रुग्णालयाच्या कुलूपबंद कपाटातील फिनोबार्बिटोनची बाटली तिला रिकामी दिसली. नोंदवहीप्रमाणे २५ ग्रॅमपैकी २३ ग्रॅम वापरले गेले होते आणि २ ग्रॅम शिल्लक असायला हवे होते. इतके औषध सांडून जात नाही. शिवाय कपाटाची किल्ली मॅडमखेरीज कोणाकडे नसे.

तिने बेरीज तीनदा पडताळली. मग वजनपेटीतले १०० ग्रॅमचे प्रमाणित वजन चिमट्याने उचलून तराजूवर ठेवले. आकडे थरथरले आणि ९२ वर स्थिरावले. तिने काचेची दारे लावली, पातळीचा बुडबुडा मधोमध असल्याची खात्री केली, शून्य करून वजन पुन्हा ठेवले. ९२च.

तराजू कमी दाखवत होता, त्यामुळे पडद्यावर हवा तो आकडा येईपर्यंत प्रत्येक वेळी जास्त औषध पडत होते. लॅक्टोजही याच तराजूवर मोजले जाई, म्हणून मिश्रणाचे प्रमाण चोख राही आणि पुडीही पडद्यावर बरोबर भरे; प्रत्यक्षात १५ मिलिग्रॅमच्या पुडीत १६.३ मिलिग्रॅम जात होते. या पुड्या झटके येणाऱ्या तान्ह्या मुलांसाठी होत्या, ज्यांचा डोस डॉक्टर किलोकिलोच्या हिशेबाने ठरवतात.

तपासणीच्या वहीत मात्र रोज ‘ठीक’ लिहिलेले होते. उद्याच्या तारखेपुढेही.

“मॅडम, हे वजन एकदा तुम्ही ठेवून पाहाल का?”

मॅडमनी ठेवले आणि बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिल्या. “भिंतीला रंग देताना तराजू हलवला होता,” त्या हळूच म्हणाल्या. “नंतर कॅलिब्रेशन मीच केलं. वजनाला ओरखडे पडू नयेत म्हणून खाली वॉच ग्लास ठेवली होती.”

मृणालने ती काच तराजूवर ठेवली. पडद्यावर ८ ग्रॅम आले, म्हणजे खरे ८.७. त्या दिवशी तराजूने १०८.७ ग्रॅमलाच १०० मानले होते, आणि त्यानंतर कोणीही वजनपेटी उघडली नव्हती.

मॅडमनी तराजूवर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली, वहीतल्या उद्याच्या ‘ठीक’वर रेघ मारून शेजारी सही केली आणि बालरोग विभागाला फोन लावला. रंगकामानंतरच्या पुड्या नेलेली नऊ बाळे निघाली. डॉक्टरांशी बोलून झाल्यावर, औषध अचानक बंद केल्यास झटके परततील, म्हणून जुन्या पुड्यांच्या बदल्यात लगेच नव्या द्यायचे ठरले.

संध्याकाळी पहिली आई आली. पदराच्या गाठीतून तिने अकरा पुड्या काढून टेबलावर ठेवल्या.

“दिवसभर झोपूनच असतो हो,” ती म्हणाली. “मला वाटलं, औषध लागू पडलं.”

मॅडम उठल्या आणि तिच्यासाठी स्वतःची खुर्ची पुढे ओढली.