जोखीम आणि सहभागींचं संरक्षण : सुधारित मजकूर

अभ्यास : बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचे गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनबद्दलचे अनुभव. धारूर आणि वडवणी तालुक्यातली चार गावं, 18 वर्षांवरच्या 40 महिला, प्रत्येकीची तास-दीड तासाची एक मुलाखत.

आधीच्या अर्जात या भागात दोनच वाक्यं होती, "जोखीम किमान आहे" आणि "गोपनीयता राखून योग्य ती काळजी घेतली जाईल". संशोधनाच्या नैतिकता समितीने विचारलं की काळजी कोण घेणार, कधी आणि नेमकं काय करून. प्रश्न रास्त होता. आमच्या डोक्यात सगळं होतं पण कागदावर काहीच नव्हतं, आणि डोक्यातलं संरक्षण त्या बाईच्या काही उपयोगाचं नाही. समितीतल्या सामान्य सदस्यांनी सुचवल्याप्रमाणे हा भाग बोलतो तसाच लिहिलाय, म्हणजे महिलांना वाचून दाखवला तरी कळेल.

जोखमीची पातळी बदलली आहे. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत चार पातळ्या आहेत, त्यात आम्ही "किमान" लिहिलं होतं, आता "किमानपेक्षा जास्त" लिहितोय. सुई नाही, औषध नाही हे खरं, पण या महिलांचं नुकसान सुईने होणारच नाहीये. ते होईल ती काय बोलली हे मुकादमाला, नवऱ्याला किंवा ऑपरेशन केलेल्या डॉक्टरला कळल्याने. हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम म्हणजे उचल, ती मुकादमाच्या हातात असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे तिच्यावर राग निघाला तर अख्ख्या घराचं काम जाऊ शकतं.

म्हणून पहिला बदल जागेचा आणि वेळेचा. मुलाखती आता हंगामात फडावर होणार नाहीत. फडावर कोपीला कोपी लागून असते, एकांत मिळत नाही, आणि कामावरून उठली तर खाडा लागतो. मुलाखती मे-जूनमध्ये, महिला गावी परतल्यावर, नवीन उचल ठरायच्या आधी होतील. जागा ती सांगेल ती, तिला घर नको असेल तर उपकेंद्रातली दार लागणारी खोली आम्ही आधी बोलून ठेवू.

मुकादम, सरपंच, ग्रामसेवक यांच्यामार्फत एकही बाई निवडली जाणार नाही. आधी आम्ही मुकादमाकडून याद्या घ्यायचं लिहिलं होतं, ते काढलंय. आशाताई फक्त बैठकीचा निरोप देतील, कोण हो म्हणाली ते त्यांनाही सांगणार नाही. गावात अभ्यासाचं नाव "ऊसतोड महिलांचं आरोग्य" एवढंच असेल आणि 40 पैकी 10 महिला ऑपरेशन न झालेल्या असतील, नाहीतर आमच्याकडे आलेली प्रत्येक बाई पिशवी काढलेली आहे हे गावाला न सांगता कळेल. खरा उद्देश प्रत्येकीला एकटीला, संमतीच्या आधी पूर्ण सांगितला जाईल. तिच्यापासून काहीच लपवायचं नाहीये.

संमती. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी साक्षीदार लागतो, आणि गावातला साक्षीदार घेतला की गोपनीयता तिथेच संपली. म्हणून साक्षीदार तालुक्याच्या ठिकाणच्या एक निवृत्त शिक्षिका असतील, त्यांचा चारही गावांशी आणि आमच्या टीमशी संबंध नाही. त्या गोपनीयतेच्या कागदावर सही करतील, फक्त संमतीपुरत्या थांबतील आणि मुलाखत सुरू व्हायच्या आधी निघून जातील. नवऱ्याची परवानगी आम्ही मागणार नाही, आणि नवऱ्याने हो म्हटलं तरी ती तिची संमती धरली जाणार नाही. वेळेची भरपाई 400 रुपये रोख, ते मुलाखतीच्या सुरुवातीलाच हातात द्यायचे, पाच मिनिटांनी उठून गेली तरी परत मागायचे नाहीत.

मध्येच कोणी आलं तर? सासू, नवरा, कोणीही दारात दिसलं की मुलाखतकार रेकॉर्डर बंद करून रक्त कमी असणं आणि पिण्याचं पाणी यावरचे प्रश्न सुरू करेल, तो कागद वरच ठेवलेला असेल. तिला स्वतःला थांबायचं असेल तर "चहा टाकते" म्हणायचं, हे सुरुवातीलाच ठरवून घेऊ. त्यानंतर पुढे बोलायचं का हे तीच सांगेल.

मनावरचा ताण हा भाग मला सगळ्यात जास्त जपायचा आहे. काही जणींना मुलाखतीच्या ओघातच पहिल्यांदा वाटेल की आपलं ऑपरेशन गरजेचं नव्हतं. तो धक्का मोठा आहे आणि तो आमच्या प्रश्नांमुळे बसलेला असेल. म्हणून "गरज होती का" हा प्रश्न यादीतून काढलाय, त्याऐवजी "तेव्हा तुम्हाला काय सांगितलं होतं" असं विचारू. मुलाखतकाराने ऑपरेशनबद्दल स्वतःचं मत कधीही द्यायचं नाही. तिने विचारलंच तर ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे भेट आणि जाण्यायेण्याचं भाडं आम्ही देऊ, सोबत टीममधली एक बाई जाईल. प्रशिक्षित समुपदेशक मुलाखतीच्या दिवशी गावातच असतील, फोनवर नाही. सात दिवसांनी पुन्हा विचारपूस करू पण तिने सांगितलेल्या मार्गानेच, कारण मोबाईल बऱ्याचदा नवऱ्याकडे असतो, त्यामुळे मेसेज पाठवायचा नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416, महिला हेल्पलाइन 181 आणि 112 हे नंबर सगळ्यांना मिळणाऱ्या साध्या आरोग्य कार्डावरच छापलेले असतील, वेगळी चिठ्ठी द्यायची नाही.

माहितीचं काय होणार. रेकॉर्डिंगच्या आधी सांगायचं की नावं घेऊ नका, तरी घेतली तर लिहून काढताना डॉक्टर, दवाखाना, मुकादम, कारखाना, गाव सगळं बदलायचं. नाव आणि नंबर जोडणारी यादी एकच, कागदावर, माझ्या कुलूपबंद कपाटात. लिखाण तपासून झालं की 30 दिवसांच्या आत ऑडिओ आणि ती यादी दोन्ही नष्ट करायची, आणि नष्ट केल्याची नोंद समितीला पाठवायची. अंगठ्याचे संमतीपत्र वेगळ्या इमारतीत राहतील आणि त्यावर मुलाखतीचा नंबर नसेल. यादी नष्ट झाल्यावर कोणाची मुलाखत कोणती हे आम्हालाही सांगता येणार नाही, म्हणून माघार घ्यायची शेवटची तारीख प्रत्येकीला तोंडी सांगू. अहवालात वयाचा गट आणि "बीड जिल्हा" एवढंच येईल, कारण वय, मुलं किती आणि गाव एकत्र आलं की छोट्या गावात बाई लगेच ओळखू येते.

गोपनीयतेला दोन मर्यादा आहेत आणि त्या आधीच सांगणार. यादी नष्ट व्हायच्या आधी कोर्टाने कागद मागितले तर आम्ही समितीला कळवून वकिलाचा सल्ला घेऊ, पण "कधीच देणार नाही" असं वचन देणार नाही. दुसरं, 18 वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं आमच्यावर बंधनकारक आहे. हे संमती घेतानाच साध्या शब्दात सांगू, म्हणजे काय बोलायचं ते ती ठरवू शकेल. लग्नाच्या वेळचं वय आम्ही विचारणार नाही, अभ्यासाला त्याची गरज नाही.

थेट फायदा कोणाचाच नाही, तसंच सांगायचं. पैसे, योजना किंवा डॉक्टरवर कारवाई यातलं काहीही कबूल करायचं नाही.

कुठल्याही बाईला मुलाखतीमुळे मारहाण, धमकी किंवा काम नाकारल्याचं कळलं तर मुलाखतकार मला त्याच दिवशी कळवेल, त्या गावातलं काम तेव्हाच थांबेल आणि 3 कामाच्या दिवसांत समितीकडे लेखी अहवाल जाईल. समितीने लेखी परवानगी दिल्याशिवाय त्या गावात पुन्हा जायचं नाही. अशी दुसरी घटना झाली तर चारही गावांतला अभ्यास बंद, आणि तोपर्यंत गोळा झालेलं काय करायचं हे समिती ठरवेल.