ऑनलाइन दुकानाकडून झालेल्या फसवणुकीची तक्रार

दि. १३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक, सांगली
प्रत : सायबर पोलीस ठाणे, सांगली

विषय : यूपीआयने गेलेले १६,८६० रुपये पुढच्या खात्यात रोखून धरण्याबाबत

महोदय,

माझे आपल्या शाखेत बचत खाते असून त्याचे शेवटचे चार अंक ४४७१ आहेत. मी घरी शिवणकाम करते. मोबाइलवर जाहिरात पाहून मी ३ नोव्हेंबरला एका ऑनलाइन दुकानातून ओव्हरलॉक मशीन मागवले आणि १४,५०० रुपये भरले (यूटीआर ५३०७१८४४२९६१). ११ तारखेला त्यांनी एक फोटो पाठवला. खोक्यावर मार्करने माझे नाव आणि गाव लिहिलेले होते. वाहतूक व जीएसटीचे २,३६० रुपये भरले की माल निघेल, असे सांगितले. खोक्यावर स्वतःचे नाव दिसल्यामुळे मी तेही भरले (यूटीआर ५३१५६०२७७८३४). काल संध्याकाळपासून त्यांचे संकेतस्थळ उघडत नाही, फोन बंद आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केले आहे.

दोन्ही वेळा पिन मीच टाकला. ओटीपी किंवा पिन कोणालाही सांगितलेला नाही. पैसे मी स्वतः पाठवले हे मला मान्य आहे, पण ते मशीनसाठी पाठवले होते आणि ते मशीन विकायचा त्यांचा इरादाच नव्हता. म्हणून ही नुसती उशिरा आलेल्या मालाची तक्रार समजू नये.

काल रात्री ९.४० वाजता मी १९३० वर फोन केला आणि नंतर cybercrime.gov.in वर सर्व माहिती भरली. पोचपावती क्रमांक ३१९११२५००८४६२७ आहे. असे पैसे तासाभरातही एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरतात, म्हणून आज बँक उघडताच अर्ज घेऊन आले आहे.

कृपया दोन्ही व्यवहारांची तक्रार आजच नोंदवून घ्यावी, वरील पोचपावतीचा हवाला देऊन समोरच्या बँकेला कळवावे आणि त्या खात्यात जी रक्कम शिल्लक असेल ती गोठवण्यास सांगावे. दोन्ही रकमा वेगवेगळ्या यूपीआय आयडीवर गेल्या आहेत, त्यामुळे एकाच खात्यावर थांबू नये. या अर्जाची सही-शिक्क्याची पोच व तक्रार क्रमांकही द्यावा. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास मला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे लागेल.

सोबत खाते उतारा, दोन्ही व्यवहारांचे यूटीआर दिसणारे स्क्रीनशॉट, संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता दिसणारे ऑर्डरचे पान, खोक्याचा फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा सगळा संवाद पहिल्या ओळीपासून छापून जोडला आहे. मोबाइलमधले मूळ मेसेज मी पुसलेले नाहीत. पोलिसांना हवा असेल तर फोन दाखवायला तयार आहे.

यातले दहा हजार बचत गटाच्या कर्जाचे आहेत आणि पहिला हप्ता ५ डिसेंबरला आहे. कृपया आजच कार्यवाही व्हावी, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
वैशाली कदम